पेन्शनसाठी जुन्या कंपनीला लिहिलेलं पत्र: पहिलं वाया गेलं, दुसरं कामाला आलं

२०२३ च्या डिसेंबरात माझ्या लक्षात आलं की अजून अकरा महिन्यांनी मला ५८ पूर्ण होतायत आणि पेन्शनचा फॉर्म भरायचा तर माझ्याकडे अर्ध्याच नोकरीचे कागद आहेत. पेन्शन म्हणजे पीएफवाली, ईपीएस ९५. त्यात दहा वर्षांची सर्व्हिस लागते, आणि माझी दहा वर्षं दोन तुकड्यांत आहेत. पहिली कंपनी १ ऑगस्ट १९९८ ते ३१ जानेवारी २००४, म्हणजे साडेपाच वर्षं. मधे बारा वर्षं स्वतःचा धंदा केला. मग दुसरी कंपनी १ ऑक्टोबर २०१६ ते ३१ मार्च २०२१, साडेचार वर्षं. दुसऱ्या कंपनीचं सगळं यूएएनमध्ये, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरावर दिसतं, पासबुक उघडलं की महिनेच्या महिने समोर. पहिल्या कंपनीचं काहीच नाही, कारण यूएएन आला २०१४ ला आणि मी ती नोकरी सोडली त्याच्या दहा वर्षं आधी.

आता यात एक गोष्ट अशी होती की २००४ मध्ये मी पीएफचे पैसे काढले होते. फॉर्म १९ भरला, पैसे आले, विषय संपला असं तेव्हा वाटलं. आणि इतकी वर्षं मी हेच धरून बसलो होतो की पीएफ काढला म्हणजे पेन्शनही गेली. तसं नसतं. पीएफ फॉर्म १९ ने निघतो, पेन्शनचे पैसे काढायला वेगळा फॉर्म १०सी लागतो, आणि तो मी भरलाच नव्हता. घरातलं जुनं बँक पासबुक काढून बघितलं तर २००४ मध्ये पीएफ ऑफिसकडून एकच रक्कम जमा झालेली, दुसरी नोंद नाहीच. म्हणजे माझी साडेपाच वर्षांची पेन्शनची सर्व्हिस तशीच पडून होती, ती फक्त कुणीतरी लिहून द्यायला हवी होती.

पीएफ ऑफिसच्या खिडकीवर गेलो तर तिथल्या माणसाने नीट समजावून सांगितलं, ते म्हणाले, काका, आधी त्या जुन्या सर्व्हिसचं स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पेन्शनची सर्व्हिस किती झाली याचा पीएफ ऑफिसचा दाखला काढा, त्यासाठी १०सी भरा, त्यात पैसे नको, सर्टिफिकेट पाहिजे असं टिक करा, आणि त्याच्यासोबत जुन्या कंपनीकडून सर्व्हिस आणि काँट्रिब्यूशनचा पुरावा आणा. ५८ झाले की ते सर्टिफिकेट लावून पेन्शनचा फॉर्म, १०डी. मी विचारलं, पुरावा म्हणजे नक्की काय? ते म्हणाले सर्व्हिस सर्टिफिकेट आणि थ्रीए. मागे लाइन होती, मी बाजूला झालो. तेव्हा अजून दोन मिनिटं थांबून नीट विचारलं असतं तर पुढचे तीन महिने वाचले असते.

जुन्या कंपनीला पत्र लिहायचं तर कंपनी आहे कुठे इथपासून सुरुवात. मी काम करायचो तो प्लांट २००९ ला बंद झाला, कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. जुन्या पत्त्यावर पाठवून उपयोग नाही हे उघड होतं. mca.gov.in वर कंपनीच्या नावाने शोधता येतं, तिथे कंपनीचा मास्टर डेटा उघडला की रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता आणि ईमेल मिळतो, आणि जुनी कंपनी विलीन झाली असेल तर तेही स्टेटसमध्ये दिसतं. नवीन कंपनीचा पत्ता तिथूनच घेतला. ज्याची कंपनी बंद पडलीय किंवा विकली गेलीय त्याने आधी हे बघावं, जुन्या साहेबांचे फोन नंबर शोधत बसण्यात वेळ फार जातो, मी दोन आठवडे तेच केलं.

८ जानेवारी २०२४ ला पहिलं पत्र पाठवलं. चार ओळींचं. मी आपल्या कंपनीत अमुक साली होतो, मला पेन्शनसाठी सर्व्हिस सर्टिफिकेट आणि पीएफचे डिटेल्स हवेत, कृपया द्यावेत. वाट बघत राहिलो, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं, छान लेटरहेडवर, आणि इतका आनंद झाला की लगेच पीएफ ऑफिसला घेऊन गेलो. खिडकीवरच्या माणसाने वाचलं आणि परत दिलं. हे चालणार नाही.

का चालणार नाही ते मी बसून एकेक करून समजून घेतलं, कारण ते कळल्याशिवाय दुसरं पत्र लिहिण्यात अर्थ नव्हता.

त्यात लिहिलं होतं की श्री अमुक यांनी आमच्याकडे १ फेब्रुवारी १९९८ ते ३१ जानेवारी २००४ सलग नोकरी केली, त्यांची वागणूक चांगली होती. म्हणजे ते नवीन नोकरीसाठी देतात तसं अनुभवाचं पत्र होतं. पीएफ नंबर नाही, कंपनीचा कोड नंबर नाही, पगार नाही. तारीख तर चुकीचीच, म्हणजे चुकीची म्हणता येणार नाही, मी फेब्रुवारी ९८ लाच टेम्पररी म्हणून लागलो होतो, पण पीएफ कापायला लागले ऑगस्टपासून. पेन्शनसाठी नोकरीला कधी लागलो याला महत्त्व नाही, फंडाचा मेंबर कधी झालो याला आहे. (ते सहा महिने तेव्हा कापायलाच हवे होते असं मला नंतर कळलं, पण सव्वीस वर्षांनी त्यासाठी भांडायचं तर माझी पेन्शन अजून लांबली असती, म्हणून सोडून दिले. वाईट वाटतं पण सोडले.) आणि 'सलग नोकरी' हे तर खोटंच होतं. २००२ मध्ये मला कावीळ झाली होती, ऑगस्ट ते ऑक्टोबर तीन महिने बिनपगारी रजेवर होतो. पगार नाही तर काँट्रिब्यूशन नाही, अशा दिवसांना पीएफच्या भाषेत एनसीपी म्हणतात आणि ते सर्व्हिसमधून वजा होतात. सर्टिफिकेटवर सलग आणि रेकॉर्डवर तीन महिने शून्य असं झालं की फाइल परत येते.

शिवाय नाव. तेव्हाच्या रेकॉर्डला माझं आडनाव आधी आणि मग दोन इनिशियल्स होते, आधारवर पूर्ण नाव आहे. वडिलांचं नाव सर्टिफिकेटवर नाहीच, मग हा माणूस तोच कशावरून?

आणि सही. सही एचआरमधल्या कुणा एक्झिक्युटिव्हची होती. पीएफ ऑफिसकडे प्रत्येक कंपनीच्या ऑथराइज्ड सिग्नेटरीची नमुना सही असते, तिच्याशी जुळणारी सही आणि शिक्का पाहिजे. हे मला माहीतच नव्हतं.

मग मी घरी बसून हिशोब मांडला. पहिल्या नोकरीचे ६६ महिने, दुसरीचे ५४, एकूण १२०, बरोबर दहा वर्षं. त्यातून कावीळचे ३ वजा, उरले ११७ म्हणजे ९ वर्षं ९ महिने. दहाला तीन महिने कमी. त्या रात्री झोप लागली नाही खरंच. पण ईपीएसमध्ये सहा महिने किंवा जास्त असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात आणि सहाच्या खाली असतील तर सोडून देतात, त्यामुळे ९ वर्षं ९ महिन्यांची दहा वर्षं होतात. म्हणजे माझ्याकडे फक्त तीन महिन्यांची सूट होती. ९ वर्षं ६ महिन्यांच्या खाली एक महिना जरी गेला तरी पेन्शन नाही, जे काय जमा आहे ते काढून घ्या, बस. यासाठी प्रत्येक महिना कागदावर दिसायला हवा होता. 'साधारण सहा वर्षं काम केलं' असल्या वाक्याला काही किंमत नव्हती.

आता काँट्रिब्यूशनचा पुरावा म्हणजे काय ते. फॉर्म ३ए. प्रत्येक मेंबरचा दर वर्षीचा एक कागद असतो, वर माझा नंबर, नाव, वडिलांचं नाव, कंपनीचं नाव, आणि खाली बारा ओळी, मार्चचा पगार जो एप्रिलमध्ये दिला तिथून सुरू होऊन फेब्रुवारीचा जो मार्चमध्ये दिला तिथपर्यंत. प्रत्येक ओळीत पगार, माझा हिस्सा, मग कंपनीचा हिस्सा दोन भागांत मोडलेला, पीएफ आणि पेन्शन, आणि पुढे एक कॉलम काँट्रिब्यूशन नसलेल्या दिवसांचा. पेन्शनवाल्यांना बघायचा असतो तो ८.३३ टक्क्यांचा कॉलम. माझा २००२ चा बेसिक आणि डीए मिळून पगार ५,९०० होता, तर माझ्याकडून १२ टक्के ७०८ कापलेले, कंपनीचेही ७०८, पण त्यातले ४९१ पेन्शनमध्ये आणि २१७ पीएफमध्ये. हे ४९१ महत्त्वाचे. पगाराच्या स्लिपवर फक्त माझे ७०८ दिसायचे, म्हणून जुन्या स्लिपा जपून ठेवल्या तरी पेन्शनचा पुरावा म्हणून त्या अर्ध्याच. पीएफ कापला हे त्यांच्यावरून कळतं, पेन्शन फंडात भरला का ते नाही.

माझ्याकडे सुदैवाने २००१-०२ ची पीएफची वार्षिक स्लिप सापडली, ज्याला फॉर्म २३ म्हणायचे, गुलाबीसर कागद, घडीवर फाटलेला, पण वरचा अकाउंट नंबर स्पष्ट. पूर्ण नंबर, आधी कंपनीचा कोड आणि शेवटी माझा. हा नंबर म्हणजे सगळ्याची किल्ली होती, कारण कंपनीतल्या माणसाला वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा कामगार नावाने शोधायला सांगितलं तर तो शोधणार नाही, आणि एका आडनावाचे तर दहा जण असतात.

मग २२ एप्रिलला दुसरं पत्र लिहिलं. मराठीतच लिहिलं, फॉर्मची नावं आहेत तशी ठेवली. आधी मी ते असं लिहायला घेतलं होतं की माझा हक्क आहे, तुम्ही देणं बंधनकारक आहे वगैरे, मग फाडलं. समोरच्या माणसाने मला काही त्रास दिलेला नव्हता, त्याला फक्त काय द्यायचं ते माहीत नव्हतं, आणि ते मी सांगितलं नव्हतं. मुख्य मजकूर देतो, नंबर काढून:

"विषय: कर्मचारी पेन्शन योजना १९९५ अंतर्गत स्कीम सर्टिफिकेट व पेन्शनसाठी सर्व्हिस सर्टिफिकेट आणि काँट्रिब्यूशनचे पुरावे मिळणेबाबत.

महोदय, आपल्या कंपनीत विलीन झालेल्या पूर्वीच्या कंपनीच्या प्लांटमध्ये मी स्टोअर्स विभागात काम करत होतो. माझा पीएफ अकाउंट नंबर वर दिला आहे, तिकीट नंबरही दिला आहे. कंपनीच्या रेकॉर्डवर माझे नाव आडनाव व दोन इनिशियल्स असे आहे, आधारवरील पूर्ण नाव वर दिल्याप्रमाणे आहे, दोन्ही नावे माझीच आहेत. सोबत फॉर्म २३ ची स्लिप, नेमणूक पत्र, राजीनामा स्वीकारल्याचे पत्र आणि आधारची प्रत जोडली आहे.

सर्व्हिस सर्टिफिकेटमध्ये कृपया पुढील गोष्टी याव्यात. माझे पूर्ण नाव व वडिलांचे नाव, जन्मतारीख, पीएफ अकाउंट नंबर, नोकरीला लागल्याची तारीख आणि पेन्शन फंडाचा मेंबर झाल्याची तारीख अशा दोन्ही वेगळ्या, नोकरी सोडल्याची तारीख व कारण, सोडतानाचा पीएफसाठी धरलेला पगार, आणि काँट्रिब्यूशन नसलेले दिवस महिन्यांसह. माझ्या माहितीप्रमाणे १ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर २००२ हे ९२ दिवस मी बिनपगारी रजेवर होतो, कृपया रेकॉर्डवरून खात्री करून तसा उल्लेख करावा. जुन्या कंपनीचा पीएफ कोड आणि ती आपल्या कंपनीत विलीन झाल्याचाही एका ओळीत उल्लेख करावा.

काँट्रिब्यूशनचा पुरावा म्हणून १९९८-९९ ते २००३-०४ या सहा वर्षांच्या फॉर्म ३ए च्या प्रमाणित प्रती द्याव्यात. एखाद्या वर्षाचा फॉर्म ३ए सापडत नसल्यास त्या वर्षाच्या फॉर्म ६ए मधील माझे नाव असलेले पान आणि पेन्शन फंडाचा, म्हणजे अकाउंट नंबर १० चा भरणा दिसणारी चलने द्यावीत. तेही नसल्यास तसे लेखी कळवावे, म्हणजे मी पीएफ ऑफिसकडे त्या वर्षाची मागणी करू शकेन.

सर्व कागदांवर पीएफ ऑफिसकडे ज्यांची नमुना सही नोंदवलेली आहे अशा ऑथराइज्ड सिग्नेटरीची सही व शिक्का असावा ही विनंती. मला १७ नोव्हेंबर २०२४ रोजी ५८ वर्षे पूर्ण होत आहेत, त्याआधी स्कीम सर्टिफिकेट मिळणे आवश्यक आहे."

एवढंच. दीड पान. खाली फोन नंबर आणि पत्ता. एक सही केलेली प्रत ईमेलने पाठवली आणि मूळ पत्र स्पीड पोस्टने पोचपावतीसह. पोचपावती घरी परत आली ती पत्राच्या कॉपीला स्टेपल करून ठेवली.

यातली एनसीपीची ओळ लिहू नको असं माझ्या मेहुण्याने सांगितलं होतं, तो म्हणाला, कशाला स्वतःहून सांगतोस, तीन महिने गेले तर गेले, कुणाला कळणारे. पण ३ए वर तीन ओळी शून्य असणारच होत्या, आणि सर्टिफिकेट वेगळं, ३ए वेगळा असं झालं असतं तर माझं दुसरंही पत्र वाया गेलं असतं. शिवाय मी हिशोब केलेला होता, ते तीन वजा करूनही जमत होतं.

दहा दिवसांनी मी फोन केला. एक मॅडम होत्या पीएफचं काम बघणाऱ्या, त्यांनी पत्र वाचलेलं होतं. त्या म्हणाल्या, काका तुमचं पत्र चांगलं आहे, काय पाहिजे ते कळतंय, पण त्या प्लांटचं रेकॉर्ड गोडाऊनमध्ये आहे, वेळ लागेल. मी म्हटलं मॅडम नोव्हेंबरपर्यंत आहे वेळ, फक्त दर महिन्याला मी एकदा फोन करेन, चालेल ना? चालेल म्हणाल्या. मे मध्ये केला, जूनमध्ये केला. त्रागा करून काही मिळणार नव्हतं, त्यांच्याशी बोलताना मला उलट बरं वाटायचं की कुणीतरी शोधतंय.

जुलैच्या शेवटी जाड पाकीट आलं. सर्टिफिकेट एकदम बरोबर, दोन्ही तारखा वेगळ्या, ९२ दिवस लिहिलेले, जुना कोड, विलीनीकरणाची ओळ, शिक्का. आणि ३ए च्या पाच प्रती.

पाच. सहा नाही. २०००-०१ चा नव्हता.

मी ते कागद जमिनीवर ओळीने पसरले आणि चार-पाच वेळा मोजले. १९९८-९९ चा अर्धवट, ऑगस्टपासून भरलेला. ९९-२००० पूर्ण. मग थेट २००१-०२. २००२-०३ वर ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर या तीन ओळींत पगार शून्य आणि पुढे ३१, ३०, ३१, कुणीतरी निळ्या पेनने लिहिलेलं. मी तेव्हा हॉस्पिटलमध्ये होतो आणि कुणीतरी टाइमऑफिसमध्ये बसून ते आकडे भरत होतं, ते बघून एकदम कसंतरी झालं. शेवटचा २००३-०४, जानेवारीपर्यंत, खाली सोडल्याची तारीख.

२०००-०१ चे बारा महिने नसतील तर ११७ चे १०५ होतात, म्हणजे ८ वर्षं ९ महिने. सहापेक्षा जास्त महिने आहेत म्हणून नऊ धरतील, दहा नाहीत. एका कागदामुळे सगळंच जाणार होतं.

पण पाकिटात तळाला अजून चार कागद होते जे मी आधी कंपनीचं काहीतरी समजून बाजूला ठेवले होते. एक होतं फॉर्म ६ए चं पान, २०००-०१ चं. ६ए म्हणजे सगळ्या कंपनीचा वर्षाचा एकत्र तक्ता, प्रत्येक कामगाराची एक ओळ, नंबर, नाव, वर्षाचा एकूण पगार, त्याचा हिस्सा, कंपनीचा पीएफ आणि पेन्शनचा हिस्सा. तिथे माझ्या नंबरसमोर माझी ओळ होती, वर्षाचा एकूण पगार आणि पेन्शनची एकूण रक्कम. मी भाग देऊन बघितला, पेन्शनचा आकडा पगाराच्या ८.३३ टक्केच येत होता. आणि त्याच्याआधीच्या वर्षाच्या ३ए शी ताडून बघितलं तर पगार थोडा वाढलेला, वार्षिक वाढीइतका, म्हणजे वर्षभराचाच पगार होता तो, अर्ध्या वर्षाचा असता तर आकडा निम्मा दिसला असता. बाकीचे तीन कागद चलनं होती, अकाउंट नंबर १० चा रकाना हायलाइट केलेला. आणि वर मॅडमची चिठ्ठी, की ३ए त्या वर्षाचा मिळाला नाही, पत्रात तुम्ही ६ए लिहिलं होतं म्हणून अकाउंट्सवाल्यांकडे विचारलं, त्यांच्या ऑडिटच्या फाइलमध्ये होता.

म्हणजे ती एक ओळ पत्रात नसती तर मॅडमनी पाचच कागद पाठवून दिले असते, त्यांचं काही चुकलं नसतं. ३ए पर्सोनेलच्या कपाटात असतो आणि ६ए ची कॉपी चलनांसोबत अकाउंट्सकडे जाते, दोन वेगळी डिपार्टमेंट, एकाला दुसऱ्याचं माहीत नसतं. स्टोअर्समध्ये काम केल्यामुळे मला हे माहीत होतं की आमचाही प्रत्येक चलनाचा एक कागद अकाउंट्सला जायचा, त्यावरूनच सुचलं होतं ते लिहायचं.

ऑगस्टमध्ये सगळं घेऊन १०सी भरला. खिडकीवर तेच होते. त्यांनी सर्टिफिकेट वाचलं, ३ए मोजले, ६ए वर बोट ठेवून ओळ वाचली आणि घेतलं. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली जी मला पत्र लिहिताना कळलेली नव्हती. कंपनी फक्त एवढंच लिहून देऊ शकते की आम्ही भरले. ते नंतर मी काढले की नाही हे कंपनीला माहीत नसतं, ते पीएफ ऑफिसच्या रेकॉर्डवरच बघावं लागतं. म्हणजे कंपनीकडून 'पेन्शनचे पैसे काढलेले नाहीत' असं लिहून आणायला कुणी सांगितलं तर ते कंपनी देणार नाही आणि दिलं तरी त्याला अर्थ नाही. माझ्या बँक पासबुकाच्या पानाची झेरॉक्स मी जोडली होती, एकच रक्कम आल्याची, त्यांनी ती ठेवून घेतली आणि २००४ च्या माझ्या क्लेमची नोंद आतून तपासून घेतली. फॉर्म १९ निघाला, १०सी नव्हता.

मधे एकदा नावावरून क्वेरी आली, इनिशियल्सवाली. पण सर्टिफिकेटवर कंपनीनेच दोन्ही नावं आणि वडिलांचं नाव लिहिलेलं होतं त्यामुळे त्याचीच पुन्हा एक कॉपी दिल्यावर मिटलं. हे जर सर्टिफिकेटमध्ये नसतं तर जॉइंट डिक्लेरेशन करा, त्यावर परत कंपनीची सही आणा, म्हणजे परत गोडाऊन, परत तीन महिने.

स्कीम सर्टिफिकेट ऑक्टोबरच्या शेवटी आलं. त्यावर सर्व्हिसच्या रकान्यात ५ वर्षं ३ महिने. साडेपाचातून कावीळ वजा. मी तो आकडा बोटाने परत परत वाचला.

१७ नोव्हेंबर झाल्यावर १०डी भरला, स्कीम सर्टिफिकेट मूळ जोडलं, दुसऱ्या कंपनीचं यूएएनवरून त्यांना दिसत होतंच. पेन्शनची ऑर्डर फेब्रुवारी २०२५ मध्ये हातात आली. रक्कम दोन हजारांच्या आतली आहे, पण दर महिन्याला येते, आणि माझ्यामागे तिचा भाग बायकोला मिळत राहील हे त्यात लिहिलेलं आहे, तिचं नाव मी तिला वाचून दाखवलं.

मॅडमना फोन केला तर त्यांनी विचारलं, काका, ते पत्र मी इथे दुसऱ्या लोकांना दाखवलं तर चालेल का, त्याच प्लांटचे अजून चार जण मागतायत आणि कुणाच्याच पत्रात पीएफ नंबर नाही. मी म्हटलं दाखवा की, आणि त्यांना आधी घरात फॉर्म २३ शोधायला सांगा.